न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर : एआरपी स्पूफिंग कसं घडतं

जून २००८ मध्ये metasploit.com या संकेतस्थळावर गेलेल्या काही लोकांना नेहमीच्या पानाऐवजी कुणा हॅकरची फुशारकीची ओळ दिसली. मेटास्प्लॉइट हे संगणकांतल्या सुरक्षेच्या त्रुटी तपासायचं साधन. त्याचा निर्माता एच. डी. मूर हा या क्षेत्रातला जाणता माणूस. अशा माणसाच्याच संकेतस्थळावर कुणी हात मारला, म्हणून चर्चा झाली. पण त्याच्या सर्व्हरमध्ये कुणी शिरलेलंच नव्हतं. सर्व्हरवरचं पान जसंच्या तसं होतं. ते बदललं जात होतं सर्व्हरमधून निघाल्यानंतर, वाटेत. त्याच होस्टिंग कंपनीच्या नेटवर्कमधल्या एका दुसऱ्याच मशीनवर हल्लेखोराने ताबा मिळवला होता आणि ते मशीन मूरच्या सर्व्हरला सांगत होतं, 'राउटर मीच आहे.' सर्व्हरने ते मानलं. बाहेर जाणारी पानं तो त्या मशीनच्या हाती देऊ लागला.

सर्व्हरने ते का मानलं, हा खरा प्रश्न आहे. पासवर्ड फुटला नव्हता. कोणत्याही प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. सर्व्हर नियमाप्रमाणेच वागला. तो नियम १९८२ साली लिहिला गेला आणि आजही तुमच्या घरच्या वाय-फायवर, ऑफिसात, रेल्वे स्थानकावर तोच चालतो. त्याचं नाव एआरपी, म्हणजे अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल.

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला दोन पत्ते असतात. एक आयपी पत्ता, उदाहरणार्थ 192.168.1.20. तो त्या नेटवर्कपुरता दिलेला असतो आणि उद्या बदलू शकतो. दुसरा मॅक पत्ता, ४८ बिटांचा. तो नेटवर्क कार्डाबरोबर कारखान्यातून येतो. इंटरनेटवर दूरदूरचा प्रवास आयपी पत्त्याच्या आधारे होतो, पण एकाच वाय-फायवरच्या किंवा एकाच स्विचला जोडलेल्या दोन उपकरणांमध्ये डेटा प्रत्यक्ष पोचवायचा तर मॅक पत्ता लागतो. फोनला राउटरचा आयपी पत्ता ठाऊक असतो, मॅक पत्ता ठाऊक नसतो. तो शोधायचं काम एआरपीचं.

शोधायची रीत अगदी साधी आहे. जुन्या वाड्याच्या चौकात उभं राहून 'इथे जोशी कोण?' अशी हाक मारावी आणि ज्या खोलीतून 'ओ' येईल तिकडे जावं, तसं. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा संदेश सोडतो : '192.168.1.1 कुणाकडे आहे? मला, 192.168.1.20 ला, कळवा.' ज्याचा तो पत्ता आहे ते उपकरण फक्त फोनलाच उत्तर धाडतं : '192.168.1.1 माझ्याकडे आहे, माझा मॅक पत्ता हा.' फोन ही जोडी आपल्या एका छोट्या तक्त्यात टिपून ठेवतो. पुढचा काही काळ पुन्हा विचारावं लागत नाही. तो काळ किती, हे प्रत्येक यंत्रणा आपापलं ठरवते. लिनक्समध्ये एखादी नोंद साधारण अर्ध्या मिनिटात 'पुन्हा खात्री करावी' या अवस्थेत जाते. सिस्कोच्या राउटरमध्ये ती मुळात चार तास टिकते.

हा सगळा संदेश २८ बाइटांत मावतो. त्यात काय काय असतं? नेटवर्कचा प्रकार, पत्त्यांची लांबी, हा प्रश्न आहे की उत्तर हे सांगणारा एक आकडा (प्रश्नाला १, उत्तराला २), आणि मग चार पत्ते : पाठवणाऱ्याचा मॅक व आयपी, ज्याच्यासाठी आहे त्याचा मॅक व आयपी. बस, एवढंच. त्यात सहीला जागा नाही. उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे हे जुळवायला क्रमांकही नाही. पाठवणाऱ्याने 'माझा आयपी पत्ता अमुक' असं लिहिलं की तेच खरं. ते पडताळायचं कशाच्या आधारावर, याचं उत्तर त्या २८ बाइटांत कुठेच नाही.

पण सही नसणं ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती सहसा सांगितली जात नाही. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हा प्रोटोकॉल आरएफसी ८२६ या क्रमांकाच्या दस्तऐवजात मांडला. एआरपीचा संदेश आल्यावर संगणकाने काय करायचं, त्याच्या पायऱ्या त्यात ओळीने दिल्या आहेत. आधी पाहायचं, की पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता आपल्या तक्त्यात आहे का. असेल, तर त्याच्यापुढचा मॅक पत्ता खोडून संदेशातला नवा लिहायचा. मग पाहायचं, की संदेश आपल्यासाठी आहे का. आपल्यासाठी असेल आणि तक्त्यात नोंद नसेल, तर नवी नोंद करायची. आणि हे सगळं झाल्यावर, सर्वांत शेवटी, बघायचं की हा प्रश्न होता की उत्तर. प्रश्न असेल तर उत्तर पाठवायचं.

हा क्रम नीट पाहा. तक्ता बदलतो आधी, आणि संदेश कोणत्या जातीचा हे कळतं नंतर. 'मी हे विचारलं होतं का?' अशी पायरी तर यात नाहीच. म्हणजे कुणीही न मागता पाठवलेलं उत्तर, किंवा प्रश्नाच्या वेषात आलेली खोटी माहिती, दोन्ही तक्त्यात सारख्याच सहजतेने शिरतात. हे नजरचुकीने झालेलं नाही. संदेश कोणता हे पाहण्याआधीच नोंद करायची, याकडे दस्तऐवजात मुद्दाम लक्ष वेधलं आहे आणि त्याचं कारणही दिलं आहे : संवाद दोन्ही बाजूंनी होत असतो. 'क'ने 'ख'ची चौकशी केली, तर थोड्याच वेळात 'ख'लाही 'क'चा पत्ता लागणारच. मग 'क'च्या प्रश्नातूनच तो का टिपून घेऊ नये? एक फेरी वाचते. शिवाय एखाद्या संगणकाचं नेटवर्क कार्ड बदललं, तर त्याने बोलायला सुरुवात करताच इतरांच्या नोंदी आपोआप दुरुस्त होतात.

प्लमर यांना मी दोष देणार नाही. १९८२ चं इथरनेट म्हणजे विद्यापीठातल्या किंवा कंपनीतल्या एका इमारतीत एका केबलला जोडलेले संगणक. कोणता संगणक कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक. भीती होती ती यंत्र बंद पडण्याची, केबल सुटण्याची, दोघांनी चुकून एकच पत्ता घेण्याची. शेजारचं यंत्र मुद्दाम खोटं बोलेल ही शक्यता त्या दस्तऐवजात कुठेच विचारात घेतलेली नाही, आणि सुरक्षेवर वेगळा भागही त्यात नाही. चूक नंतरच्यांची आहे. अनोळखी माणसांनी भरलेल्या वाय-फायवरही आपण ओळखीच्यांसाठी केलेला नियम तसाच चालू ठेवला.

आता एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. पुण्याच्या पेठांमधल्या एखाद्या अभ्यासिकेचं उदाहरण घ्या. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं दिवसभर बसलेली, सगळ्यांना एकच वाय-फाय, एकच पासवर्ड, आणि तो भिंतीवर लावलेला. राउटरचा आयपी पत्ता 192.168.1.1, त्याचा मॅक 01 ने संपणारा. एका मुलीचा फोन 192.168.1.20 वर, मॅक 14 ने संपणारा. कोपऱ्यात एक लॅपटॉप 192.168.1.66 वर, मॅक 42 ने संपणारा. लॅपटॉपवाल्याच्या मनात खोट आहे.

तो दोन खोटे संदेश तयार करतो. फोनला सांगतो, '192.168.1.1 चा मॅक 42 वाला आहे.' राउटरला सांगतो, '192.168.1.20 चा मॅक 42 वाला आहे.' दोन्ही संदेशांत आयपी पत्ता दुसऱ्याचा आणि मॅक स्वतःचा. फोनच्या तक्त्यात राउटरची नोंद आधीपासून होतीच, ती नियमाप्रमाणे खोडली जाते. राउटरच्या तक्त्यातली फोनची नोंदही तशीच बदलते. फोन आणि राउटर यांच्यामध्ये लॅपटॉप आता मध्यस्थ होऊन बसला, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

इथून पुढे तो दोनपैकी एक गोष्ट करू शकतो. आलेला डेटा टाकून दिला, तर मुलीचं इंटरनेट बंद पडतं. वाय-फायची खूण पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही. किंवा तो डेटा मूळ ठिकाणी पुढे पाठवत राहतो. मग फोनला सगळं सुरळीत वाटतं, फार तर जरा मंद. जाणारा आणि येणारा प्रत्येक तुकडा मात्र लॅपटॉपमधून जातो. तो वाचता येतो, आणि उघड्या स्वरूपात असेल तर बदलताही येतो. मूरच्या संकेतस्थळाच्या बाबतीत हेच झालं.

खोटं एकदा सांगून भागत नाही. फोनची नोंद जुनी होते, तो पुन्हा खात्री करायला निघतो, खरा राउटरही अधूनमधून बोलत असतो. म्हणून हल्लेखोर तेच खोटे संदेश दर काही सेकंदांनी पाठवत राहतो. खात्री करण्याची रीतसुद्धा त्याच्याच सोयीची आहे. लिनक्ससारख्या यंत्रणा जुन्या नोंदीची खात्री करताना सगळ्यांना हाक मारण्याऐवजी आधी नोंदीतल्याच मॅक पत्त्यावर थेट विचारतात, 'अजून तूच ना?' नोंद खोटी असेल तर हा प्रश्न जातो हल्लेखोराकडेच, आणि उत्तर 'हो' असंच येतं.

स्विच हे का थांबवत नाही, असं अनेकांना वाटतं. पूर्वी नेटवर्कवर हब असत. हब आलेला डेटा सगळ्या तारांवर सोडायचा, त्यामुळे शेजारच्याचं बोलणं ऐकणं सोपं होतं. स्विच आला तेव्हा वाटलं, प्रश्न मिटला, कारण स्विच ज्याचा मॅक त्याच्याच तारेवर डेटा सोडतो. पण एआरपी स्पूफिंगमध्ये फोन स्वतःच डेटावर हल्लेखोराचा मॅक पत्ता लिहून देतो. स्विच तो इमानाने त्या पत्त्यावर पोचवतो. २००० च्या सुमारास डग सॉन्ग यांनी डीस्निफ नावाचा साधनसंच खुला केला. त्यातल्या arpspoof या छोट्या प्रोग्रॅमने हे सगळ्यांना करून दाखवलं, आणि 'आमच्याकडे स्विच आहे, म्हणजे आम्ही सुरक्षित' या समजुतीला फारसा आधार उरला नाही.

या हल्ल्याला एक पक्की मर्यादा आहे. एआरपीचे संदेश राउटर ओलांडत नाहीत. म्हणून हल्लेखोर त्याच नेटवर्कमध्ये असावा लागतो, स्वतः तरी किंवा त्याने ताब्यात घेतलेल्या एखाद्या मशीनच्या रूपाने तरी. रशियात बसलेला कुणी तुमच्या घरच्या राउटरचं सोंग थेट घेऊ शकत नाही. पण तुमच्याच वाय-फायवरचा एखादा जुना, अपडेट न केलेला कॅमेरा त्याने ताब्यात घेतला, तर तो कॅमेरा हे काम करू शकतो.

मग उत्तरांवर सही का नको? हा प्रयत्न झालेला आहे. २००३ मध्ये ब्रुस्की, ओर्नागी आणि रोस्ती या इटालियन संशोधकांनी एस-एआरपी मांडलं. त्यात प्रत्येक संगणकाकडे किल्ल्यांची एक जोडी, प्रत्येक उत्तरावर डिजिटल सही, आणि किल्ल्या कुणाच्या हे सांगणारं नेटवर्कमधलं एक विश्वासू यंत्र. यातले अल्बेर्तो ओर्नागी हे एटरकॅप या साधनाचेही एक जनक, आणि त्या साधनाने एआरपी स्पूफिंग करता येतं. हल्ला आतून जाणणाऱ्या माणसाने उपायही सुचवला, हे मला महत्त्वाचं वाटतं. तरी तो रुळला नाही, आणि कारण उघड आहे. पाहुण्याने घरी येऊन वाय-फायचा पासवर्ड विचारला, की त्याच्या फोनची किल्ली आधी नोंदवायची कुणी? प्रिंटर, टीव्ही, जुना लॅपटॉप, या प्रत्येकात नवा प्रोटोकॉल घालायचा कुणी? एकाही उपकरणासाठी जुन्या, सहीविना उत्तरांना परवानगी ठेवली, की हल्लेखोर तीच वाट धरणार. आयपीव्ही ६ मध्ये एआरपी नाही, त्याचं काम नेबर डिस्कव्हरी करतं. पण मुळात तेही शेजाऱ्याच्या शब्दावरच चालतं. त्यासाठी सह्यांची सेंड नावाची योजना २००५ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात ती क्वचितच वापरली जाते.

निदान न मागता आलेली उत्तरं तरी नाकारावीत, हे सुचतं. ते थोडंफार होतंही. लिनक्समध्ये मुळात अशी सोय आहे, की तक्त्यात नसलेल्या पत्त्याची नोंद न मागितलेल्या घोषणेवरून नव्याने होत नाही. पण आधीपासून असलेली नोंद अशा संदेशाने बदलू शकते. ती बदलू द्यावी लागते, कारण प्रामाणिक कामांनाही तेच हवं असतं. बँकेत किंवा रुग्णालयात एक राउटर बंद पडला की दुसरा त्याची जागा घेतो आणि बदल झाल्याची घोषणा कुणीही न विचारता सगळ्यांना करतो. ही घोषणा नाकारली, तर राखीव यंत्रणा सज्ज असूनही नेटवर्क काही काळ ठप्प होईल. खऱ्या बदलाची घोषणा आणि खोटी घोषणा या दोन्ही संदेशांचा साचा तंतोतंत सारखा असतो. पाहणाऱ्याला त्यात फरक करता येत नाही.

म्हणून चालणारे उपाय एआरपीच्या बाहेर सापडतात. मूरने आपल्या सर्व्हरवर राउटरची नोंद हाताने कायम केली. अशी नोंद आलेल्या संदेशाने बदलत नाही. एका सर्व्हरला हे ठीक, शंभर फोनांच्या अभ्यासिकेत अशक्य. मोठ्या ऑफिसांत चांगल्या स्विचवर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन चालू करतात. कोणत्या तारेवरच्या कोणत्या मॅकला कोणता आयपी पत्ता वाटला, हे स्विच पत्ते वाटले जात असतानाच टिपून ठेवतो. मग त्या तारेवरून वेगळाच दावा करणारा एआरपी संदेश आला, की तो पुढे जाऊ देत नाही. संदेशात नसलेला पुरावा इथे स्विच स्वतःकडून आणतो, म्हणून हा उपाय टिकतो. हाताने पत्ता दिलेल्या प्रिंटरसारख्या उपकरणांची नोंद मात्र वेगळी करावी लागते, नाहीतर त्यांचे खरे संदेशही अडतात. वाय-फायवर ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी एक सोय असते. बऱ्याच राउटरमध्ये ती 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'एपी आयसोलेशन' या नावाने सापडते. ती चालू असली की एका फोनचा संदेश दुसऱ्या फोनपर्यंत सहसा पोचतच नाही. अभ्यासिका, कॅफे, लॉज चालवणाऱ्यांनी ती चालू करावी. त्याला एक पैसाही लागत नाही.

आपल्यावर असं काही चाललंय का, हे पाहायचं तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर arp -a लिहा. आपल्या उदाहरणात मुलगी लॅपटॉपवर असती, तर तिला असं काहीसं दिसलं असतं :

```
Internet Address    Physical Address     Type
192.168.1.1         00-00-5e-00-53-42    dynamic
192.168.1.66        00-00-5e-00-53-42    dynamic
```

राउटर आणि कोपऱ्यातला लॅपटॉप, दोघांचा मॅक एकच. ही संशयाची जागा. पण एवढ्यावरून कुणाकडे बोट दाखवू नका. वाय-फायची कक्षा वाढवणारे काही रिपीटर आपल्यामागच्या सगळ्या उपकरणांसाठी स्वतःचाच मॅक पुढे करतात, तेव्हाही तक्ता असाच दिसतो. खरं काय ते ठरवायला राउटरचा खरा मॅक त्याच्या खालच्या लेबलवर किंवा त्याच्या सेटिंगच्या पानावर पाहून ताडावा लागतो. एकाच राउटरला दोन-तीन मॅक असू शकतात आणि लेबलवर त्यातला एकच छापलेला असतो, हेही लक्षात ठेवा. नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेला arpwatch हा प्रोग्रॅम आहे. एकाच आयपीचा मॅक पुन्हा पुन्हा दोन मॅकमध्ये उलटसुलट होऊ लागला, की तो इशारा देतो.

आज सामान्य वापरणाऱ्याला सगळ्यात मोठं संरक्षण मिळतं ते एचटीटीपीएसचं. त्यात सर्टिफिकेट असतं, म्हणजे एआरपीत नसलेली ओळखीची पडताळणी वरच्या थरावर होते. मध्ये बसलेल्याला बँकेच्या पानावरचा मजकूर वाचता येत नाही, आणि बदललाच तर ब्राउझरला ते कळतं. तरी तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे त्याला बहुतेक वेळा दिसतं, आणि तुमचं इंटरनेट तो केव्हाही तोडू शकतो. एचटीटीपीएस न वापरणारी घरातली जुनी उपकरणं, राउटरची लॉगिन पानं, कॅमेरे, हे सगळं त्याच्यापुढे उघडं राहतं. त्याने खोटं सर्टिफिकेट पुढे केलं, तर ब्राउझर लाल इशारा दाखवतो. त्या इशाऱ्यावरचं 'तरीही पुढे जा' दाबलं, की हे संरक्षण आपणच काढून टाकलेलं असतं. सार्वजनिक वाय-फायवर बँकेच्या, मेलच्या किंवा परीक्षेच्या अर्जाच्या पानावर असा इशारा दिसला, तर तिथेच थांबा, वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून तेच पान पुन्हा उघडा.